आकडा सारखा पण अर्थ वेगळा

"माझा आणि मिस्टरांचा कंबर-नितंब रेशो ०.८७ च आला, मग धोका फक्त मलाच कसा?"

ताई, बायकांचं कमरेखालचं हाड रुंद असतं आणि चरबी आधी नितंब-मांड्यांवर बसते, त्यामुळे कंबर भागिले नितंब हा भागाकार मुळातच कमी यायला हवा, म्हणून डब्ल्यूएचओची रेषा बायकांना ०.८५ आणि पुरुषांना ०.९० आहे. पण मिस्टरांची कंबर पट्ट्यावर मोजलीत का? पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो नि माप कमी येतं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोब्बर मध्ये टेप आडवी धरा, श्वास सहज सोडल्यावर वाचा, पोट आत ओढू देऊ नका. नितंब सगळ्यात रुंद जागी. माझ्या भावाचं पट्ट्यावर ८८ सेमी, नीट घेतल्यावर ९६, नितंब १००, म्हणजे ०.८८ चं थेट ०.९६ झालं!