साइन इन, साइन अप, लॉग आउट: पान काय मागतंय ते बघायला शिकवणं

वाचकाची प्रतिक्रिया:
"मी मुलुंडला ज्येष्ठांना मोबाइल आणि कॉम्प्युटर शिकवतो. रकाने मोजायला शिकवणं मला अजिबात पटलं नाही, ही निव्वळ पोपटपंची आहे. इंग्रजीतले चार शब्द पाठ करून घेतले की काम भागतं. नाहीतर पान सरळ मराठीत करून द्यावं. आणि हल्ली सगळीकडे नंबर टाका, ओटीपी टाका, एवढंच असतं. तिथे रकाने मोजून काय कळणार?"

नमस्कार. जुन्या खात्यात शिरायचं साइन इनचं पान कोणतं आणि नवं खातं काढायचं साइन अपचं कोणतं, हे शब्दांवरून नव्हे, तर पान किती आणि कसले रकाने भरायला सांगतंय त्यावरून ओळखायला शिकवावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची ही प्रतिक्रिया आली. तुम्ही स्वतः वर्ग घेता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओटीपीबद्दलचं तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, त्याकडे येतेच. शब्दांबद्दलचं मात्र मला मान्य नाही. का, ते आमच्या परळच्या वर्गातल्या एका प्रसंगावरून सांगते.

वर्गातल्या एका मावशींचं पोळीभाजी केंद्र आहे. एका ऑफिसची डब्यांची ऑर्डर त्यांना मेलवर येते. जीमेलचं खातं मुलाने काढून दिलेलं, पत्ता आणि पासवर्ड वहीत नीट लिहिलेला. मावशींना इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, पण शब्द लावायला वेळ लागतो. मुलाने त्यांच्याकडून Gmail, Password, Account असे शब्द घोटून घेतले होते, म्हणजे तुम्ही म्हणता तेच. वर्गातल्या कॉम्प्युटरवर त्यांच्यासमोर गूगलचं साइन इनचं पान आलं. त्या पानावर ईमेल किंवा फोन नंबर टाकायला एकच रकाना असतो. खाली निळ्या अक्षरांत Create account असतं, आणि त्याच्या उजवीकडे निळं भरीव बटण, त्यावर Next. मावशींनी ओळखीचा शब्द शोधला. Next त्यांना माहीत नव्हता, Account माहीत होता. त्यांनी तो दाबला.

पुढच्या पानाने नाव आणि आडनाव मागितलं, त्यांनी भरलं. त्याच्या पुढच्याने जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष ते विचारलं, तेही भरलं. मग जीमेलचा पत्ता मागितला. त्यांनी वहीत बघून स्वतःचा पत्ता टाकला, तर पान लाल अक्षरांत म्हणालं की हा पत्ता आधीच कुणीतरी घेतलाय. तो कुणीतरी म्हणजे त्याच! पण ते इंग्रजीत. खाली गूगलने जवळजवळ तसाच, पुढे आकडे लावलेला पत्ता सुचवला होता, तो त्यांनी निवडला. पासवर्ड वहीतलाच टाकला आणि तो चाललाही. शेवटी इनबॉक्स उघडला आणि त्यात ऑफिसचं एकही पत्र नाही. मावशी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. ऑफिसने डबे बंद केले असं त्यांना वाटलं.

जुनं खातं जागच्या जागी सुरक्षित होतं, नव्यातून बाहेर पडून जुन्यात शिरलो की झालं. पण मुद्दा असा की मावशींनी एकही शब्द चुकीचा वाचला नव्हता. अडचण शब्दांच्या जागेची आहे. साइन इनच्या जवळपास प्रत्येक पानावर साइन अपची वाट दिलेली असते आणि साइन अपच्या पानावर साइन इनची, कारण चुकून आलेल्याला परत पाठवायचं असतं. म्हणजे शब्द शोधणाऱ्याला दोन्ही पानांवर दोन्ही शब्द सापडतात. त्यात Sign in आणि Sign up यांची सुरुवात सारखी, Log in आणि Log out यांचीही सारखी. अक्षर लावत वाचणारा माणूस पहिल्या अर्ध्यावर विसंबतो. एखाद्या साइटवर तर यातलं काहीच नसतं, Register असतं किंवा Join असतं. चार शब्दांची यादी बघता बघता दहावर जाते.

म्हणून मी शिकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायला लावते: हे पान मी आधी दिलेलं काही मागतंय, की नव्याने काही ठरवायला लावतंय? मावशींना बँकेचं उदाहरण लगेच पटलं. पैसे काढायला पासबुक आणि सही पुरते, नाव-जन्मतारीख-पत्ता भरायचा लांब फॉर्म खातं काढतानाच देतात. साइन इनचं पान फक्त ओळख आणि पासवर्ड मागतं. साइन अपचं पान तुमच्याबद्दल काहीच जाणत नाही, म्हणून ते नाव मागतं, जन्मतारीख मागतं, पासवर्ड बहुधा दोनदा लिहायला लावतं. मावशींनी नाव मागितल्यावरच थांबायला हवं होतं. तिथे हुकलं तर जन्मतारखेपाशी, आणि तिथेही हुकलं तर त्या लाल अक्षरांपाशी. स्वतःचाच पत्ता "घेतलेला आहे" असं पान सांगत असेल तर आपण शंभर टक्के चुकीच्या पानावर आहोत. गूगलमध्ये शेवटी अटी मान्य केल्याशिवाय खातं तयार होत नाही, तोवर मागे फिरलं तर काहीही बिघडत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर अर्धवट सोडायला लोक घाबरतात.

रकाने मोजणं ही यातली पहिली नजर आहे, निकाल नव्हे. गूगलचं साइन इन एका रकान्याने सुरू होतं आणि पासवर्ड पुढच्या पानावर मागतं. साइन अपच्या पहिल्या पानावर फक्त दोन रकाने. नुसता आकडा धरला तर माणूस इथेच फसेल. म्हणून आकड्यानंतर रकान्यात एक अक्षर टाकून बघायला सांगते. अक्षर दिसलं तर नाव किंवा पत्त्याचा रकाना, ठिपका उमटला तर पासवर्डचा. ठिपक्यांचे दोन रकाने एकाखाली एक असतील तर नवा पासवर्ड ठरवायचं काम चाललंय. हे पासवर्ड विसरल्यावरही दिसतं, पण तिथे सहसा नाव-जन्मतारखेचे रकाने नसतात आणि आपण स्वतःच "विसरलो" दाबून आलेलो असतो.

ब्राउझरसुद्धा हाच भेद करतो. पान बनवणारे त्याला असं सांगतात:

```html
<input type="password" autocomplete="current-password">
<input type="password" autocomplete="new-password">
```

पहिला साइन इनचा, दुसरा साइन अपचा किंवा पासवर्ड बदलण्याचा. पहिल्यात ब्राउझर साठवलेला पासवर्ड भरू पाहतो, दुसऱ्यात स्वतःहून एखादा लांबलचक अवघड पासवर्ड सुचवतो. ही सूचना दर वेळी येतेच असं नाही, सेटिंग आणि साइट दोन्हींवर ते अवलंबून आहे. पण जुन्या खात्यात शिरायचं असताना असा पासवर्ड सुचवला गेला, तर हात थांबवावा.

तुम्हाला एक विनंती आहे. `ko.wikipedia.org` हे कोरियन विकिपीडिया उघडा आणि आत शिरायचं पान आणि नवं खातं काढायचं पान शोधून वेगळी करून बघा. एका पानावर नाव आणि पासवर्ड, खाली लक्षात ठेवण्यासाठी टिकमार्कची चौकट. दुसऱ्यावर नाव, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, ईमेल. एक अक्षर न वाचता कोणतं कोणतं ते तुम्हाला सांगता येईल. मग मराठी विकिपीडियावर तीच पानं उघडा, मांडणी जुळेल. मी वर्गात नव्या मदतनिसांना आधी हेच करायला लावते, कारण इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्याला शिकणाऱ्याची अडचण दुसऱ्या कुठल्या रीतीने दिसत नाही.

पान मराठीत करता येत असेल तर जरूर करावं. कॉम्प्युटरवर गूगलच्या साइन इन पानाच्या तळाशी डावीकडे भाषा बदलायची सोय आहे आणि तिथे मराठी आहे. पण ती प्रत्येक साइटवर नसते, आणि मराठी पानावरही "खाते तयार करा" हे शब्द त्याच जागी असतात. खाते हा शब्द पाठ असलेली बाई तिथेही तोच दाबेल.

आता ओटीपी. तिथे पहिलं पान दोघांसाठी एकच असतं, म्हणून त्या पानावर काही कळत नाही, हे तुमचं खरं आहे. कळतं ते ओटीपीनंतर. जुन्या माणसाला बहुतेक ॲप त्याच्या जुन्या गोष्टी दाखवतं: नाव, पत्ता, मागच्या ऑर्डरी. नाव विचारलं आणि रकाना कोरा असेल, तर ॲपच्या दृष्टीने हा नंबर नवा आहे. वर्गात याचं कारण बहुधा एकच निघतं, खातं मुलाच्या किंवा सुनेच्या नंबरावर काढलेलं असतं. अशा वेळी नाव न भरता मागे यायचं आणि दुसरा नंबर टाकायचा.

लॉग आउटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा, कारण आपल्याकडे कॉम्प्युटर वर्गातला असतो, सायबर कॅफेतला असतो किंवा शेजारच्या मुलाचा असतो. लॉग आउटला रकाना नसतोच. ते वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोमागे किंवा नावाच्या पहिल्या अक्षरामागे लपलेलं असतं, आणि उघडलेल्या यादीत बहुधा शेवटी. उर्दू किंवा अरबी पानावर सगळं आरशासारखं उलटतं, तो गोल डाव्या कोपऱ्यात सापडतो. आमच्या वर्गात उर्दू वाचणाऱ्या बायकाही येतात, म्हणून "उजवीकडे बघा" असं मी म्हणत नाही, "वरच्या कोपऱ्यांत गोल शोधा" म्हणते.

टॅब बंद करणं म्हणजे लॉग आउट नाही. खात्री करायची तर तीच साइट पुन्हा उघडायची. पासवर्ड मागितला तर बाहेर पडलो, सरळ पत्रं दिसली तर आत आहोत. अँड्रॉइड फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये मात्र नुसतं बाहेर पडायची सोय नाही, खातं त्या फोनवरूनच काढावं लागतं. फोन स्वतःचा असेल तर याची गरजही नसते.

एका पानावर मात्र ही खूण गोंधळात टाकते. कॉम्प्युटरवर गूगलमधून बाहेर पडल्यावर बऱ्याचदा पानावर आपलं नाव आणि पत्ता तसाच राहतो, खाली बारीक अक्षरांत Signed out लिहिलेलं. नाव दिसतंय म्हणजे आपण अजून आतच आहोत असं शिकणाऱ्याला वाटतं. काही जण परत त्यावर क्लिक करतात, पासवर्ड टाकतात आणि बाहेर पडता पडता पुन्हा आत शिरतात. तिथे नावाला हात लावायचा नाही. यादीच्या शेवटी Remove an account आहे, ते दाबायचं, मग आपल्या नावासमोर आलेली काढून टाकायची खूण दाबायची आणि विचारल्यावर हो म्हणायचं. नाव गेलं आणि ईमेलचा रिकामा रकाना राहिला, की कॉम्प्युटर पुढच्या माणसाला द्यायला मोकळा.