फ्रेंच प्रश्नचिन्हाआधीची जागा ही चूक नव्हे

“युरोपात अवतरणचिन्हे सगळीकडे सारखीच असतात. पत्राचे भाषांतर आले की चिन्हे इंग्रजीसारखी करून घ्या, आणि प्रश्नचिन्हाआधी स्पेस दिसली तर ती टायपिंगची चूक समजून काढून टाका.”

रत्नागिरीकडच्या आंबा निर्यातदारांमध्ये फिरणारा हा सल्ला पाळून एका बागायतदाराने फ्रान्स आणि जर्मनीतल्या ग्राहकांना पाठवायची पत्रे ‘सुधारली’. त्यातले एक वाक्य दुरुस्तीआधी असे होते:

```
Nos mangues « Hapus » sont-elles arrivées ?
Sind unsere „Hapus“-Mangos angekommen?
```

जर्मन अवतरण खाली, ओळीच्या पायाशी उघडते आणि वर मिटते. गंमत अशी की मिटणारे चिन्ह म्हणजे इंग्रजीतले उघडणारेच चिन्ह, 66 च्या आकड्यासारखे. त्यामुळे ‘उघडणारे चिन्ह चुकून शेवटी पडले’ असे वाटून बागायतदाराने ते उलटे केले, आणि मुळात बरोबर असलेले पत्र बिघडले. (जर्मन पुस्तकांत »असे« आत टोके वळवलेले कोनही चालतात, पत्रात मात्र वरची पद्धत सुरक्षित.)

फ्रेंचमध्ये कोनांच्या आतल्या बाजूला, तसेच प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्याआधी जागा सोडणे हा मुद्रणाचा नियमच आहे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांना तो लागू नाही. जर्मनमध्ये मात्र अशी जागा खरोखरच चूक ठरते, म्हणून दोन्ही पत्रांना एकच कात्री लावता येत नाही.

आता सल्ल्यात उल्लेखही नसलेली, पण पत्र खरोखर बिघडवणारी बाब. फ्रेंचमधली ही जागा साधी स्पेस असेल, तर ओळ भरताच प्रश्नचिन्ह एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसते. तेथे न तुटणारी स्पेस हवी, आणि वर्डमध्ये ती Ctrl+Shift+Space ने येते. ओळखायची खूण सोपी आहे: ¶ चे बटण दाबल्यावर साधी स्पेस बारीक ठिपक्यासारखी आणि न तुटणारी अंशाच्या चिन्हासारख्या छोट्या वर्तुळासारखी दिसते. मजकुराची भाषा फ्रेंच ठरवलेली असेल, तर टाइप करताना वर्ड ही जागा बहुधा स्वतःच घालते; पण भाषांतरकाराकडून आलेला मजकूर पेस्ट केला की तशी दुरुस्ती होत नाही. बागायतदाराने शेवटी फ्रेंच मूळ प्रत पुन्हा उघडली आणि ‘शोधा व बदला’ या सोयीने हे केले:

```
Find what:     ␣?
Replace with:  ^s?
```

येथे ␣ म्हणजे साधी स्पेस. उद्गारचिन्ह आणि अर्धविरामासाठीही तेच करावे. अपूर्णविरामाच्या बाबतीत मात्र ‘सगळे बदला’ दाबून जिथे जागा नाही तिथेही ती घालू नये, कारण मग पत्राच्या तळाशी असलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यात https नंतर फट पडते आणि तो पत्ता उघडत नाही.