‘सोलापूर न्यायालयाच्या अधीन’ : बिलावरच्या ओळीने काय होतं, काय होत नाही

“बिलाखाली ‘सोलापूर न्यायालयाच्या अधीन’ एवढं छापून घ्या. मग समोरचा कुठल्याही गावचा असो, व्यवहार कशाचाही असो, दावा सोलापुरातच चालतो. वर रक्कम जरा फुगवून लिहा, म्हणजे थेट वरच्या कोर्टात जाता येतं.”

व्यापाऱ्यांना असा सल्ला मिळतो, पण तो बरोबर नाही. पहिली गोष्ट, दावा चालवण्याचा अधिकार न्यायालयाला कायदा देतो, छापखाना नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 नुसार दावा जिथे प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर जिथे दाव्याचं कारण पूर्णतः वा अंशतः घडलं तिथे दाखल होतो. सोलापूरच्या व्यापाऱ्याने लातूरच्या दुकानदाराला उधारीवर टॉवेल दिले, माल सोलापुरात ट्रान्सपोर्टकडे सोपवला आणि पैसे सोलापुरात द्यायचे ठरले, तर लातूर आणि सोलापूर दोन्हीकडे दावा चालू शकतो. अशा दोनांपैकी एक निवडण्याचा करार दोघांना करता येतो, आणि ती ओळ फक्त तिथेच कामाची. तीही एकतर्फी छापलेली असेल तर समोरच्याची संमती सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि सही केलेली ऑर्डर जपा, आणि वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या लेखी मागणीत, दाव्याचं कारण कुठे घडलं ते स्वतंत्र परिच्छेदात लिहा.

जमिनीचं तर सगळंच वेगळं. तुळजापूर तालुक्यातल्या शेताच्या खरेदीचा करार सोलापुरात झाला, दोघेही सोलापूरकर, तरी खरेदीखत आणि ताबा मागणारा दावा कलम 16 मुळे धाराशिव जिल्ह्यातल्या न्यायालयातच जातो. इथे करारातली न्यायालय निवडण्याची अटही चालत नाही.

आता रकमेचं. कलम 15 सांगतं की दावा सर्वांत खालच्या सक्षम न्यायालयात घालायचा. टॉवेलची बाकी 2,40,000 रुपये असेल, तर तो कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. आकडा फुगवला तर कोर्ट फी वाढते, आणि खरा धोका 3 लाखांवर असतो. व्यापारी मालाचा वाद तिथून वाणिज्यिक न्यायालयात जातो, आणि त्यात दाखल करेपर्यंतचं व्याजही धरतात. बाकी 2,85,000, ठरलेलं व्याज द.सा.द.शे. 12, आठ महिने झाले : व्याज 22,800, एकूण 3,07,800. मुद्दल पाहून गाफील राहिलेला माणूस नेमका इथे अडकतो. तिथे तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ मुळे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, ती टाळली तर वादपत्र फेटाळलं जातं. व्याज सोडून देऊन 3 लाखांखाली राहता येतं, पण सोडलेला भाग नंतर वेगळ्या दाव्याने मागता येत नाही.

आणि “एकदा दाखल झालं की चालतं” यावरही विसंबू नका. न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवण्याआधीच प्रतिवादीने हरकत घेतली आणि ती टिकली, तर वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळतं आणि काम तिथे पहिल्यापासून सुरू होतं. उधारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वजा होतो, पण तिथला दावा सद्भावनेने आणि तत्परतेने चालवला असेल तरच. रक्कम मुद्दाम फुगवलेल्याला ती सद्भावना दाखवणं जड जातं.