ओल जपावी कशी

ताबा मिळाला, पेढे वाटून झाले, चावी देवापुढे ठेवून झाली. आता पाच वर्षं बिल्डर तुमच्या शब्दात आहे. रेरा कायदा 2016, कलम 14, पोटकलम 3 म्हणतं, की ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सोयींमधला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला, तर भरपाई द्यायची. इतकं देखणं कलम वापरून मळवणं बरं नव्हे. ते जसंच्या तसं राहावं म्हणून काय काय करता येईल, ते पाहू.

समजा, कांदिवलीत 1104 नंबरचा फ्लॅट तुमचा. ताब्याच्या पत्रावर तारीख 15 जून 2021. वर्षभराने बाथरूमच्या छताला, डक्टच्या भिंतीलगत, वाटीएवढा पिवळट डाग दिसला. पहिलं काम म्हणजे रंगाचा डबा आणा. दोन हात मारले की डाग आठ-दहा दिवस गायब होतो आणि तेवढे दिवस घरात शांतता राहते. परत आला तर फॉल्स सीलिंग करून टाका. जिप्समच्या बोर्डावर तीन छोटे दिवे लागले की बाथरूम हॉटेलसारखं दिसतं. वर स्लॅबचं प्लास्टर फुगतंय, सळई गंजून तपकिरी ओघळ उतरतोय, हे खालून कळत नाही. कळेल तेव्हा बोर्डच पोटाकडून खाली आलेला असेल. डागाचा तारखेसकट फोटो काढून ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

तक्रार करायचीच झाली तर तोंडी करा. सुपरवायझर लिफ्टमध्ये भेटतोच. तो म्हणेल, “साहेब, माणूस पाठवतो.” या वाक्यावर एक पावसाळा सहज निघतो. ईमेल, रजिस्टर पोस्ट, पोच असलं काही केलं तर तीस दिवस मोजायला सुरुवात होते आणि उगाच कुणाच्या तरी मागे तारीख लागते.

आता पाणी येतंय कुठून, हे शोधायच्या भानगडीत पडू नका. काही लोक पडतात आणि अर्ध्या दिवसात उत्तर घेऊन बसतात. वरच्या 1204 चा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून काही तास थांबतात. ठिबकणं मंदावलं तर दोष नळाला पाणी आणणाऱ्या दाबाच्या पाइपात, कारण तो कुणी आंघोळ करो न करो, चोवीस तास गळतो. व्हॉल्व्हने फरक पडला नाही, पण वर बादली ओतल्यावर थोड्याच वेळात खाली थेंब पडायला लागले, तर संशय नहाणी ट्रॅपच्या किंवा ड्रेनेज पाइपच्या जोडावर. आणि वरचे लोक गावी गेले तरी आठवडाभर ओल हटत नसेल, तर सनकनमध्ये पाणी तुंबलंय.

सनकन म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खाली ओतलेला स्लॅब. त्यात पाइप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर लादी बसवतात. लादीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी या भरावात स्पंजासारखं साठतं आणि वॉटरप्रूफिंग जिथे कच्चं असेल तिथून सावकाश खाली उतरतं. कच्चं बहुधा दोनच ठिकाणी असतं: पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो तिथे, आणि भिंत स्लॅबला भेटते त्या कोपऱ्यात. खात्री करायची तर ट्रॅपला बूच मारून लादीवर इंचभर पाणी अठ्ठेचाळीस तास उभं ठेवतात. पाण्यात रंग टाकला तर वादही उरत नाही. असली माहिती लेखी तक्रारीत गेली की “कंडेन्सेशन असेल” हे उत्तर देता येत नाही, म्हणून टाळावी.

माणूस आलाच, तर त्याच्या हातात पांढऱ्या सिमेंटची पिशवी असेल. तो वरच्या लादीचे सांधे भरेल, खाली पुट्टी लावेल आणि तुमची सही मागेल. कागदावर “काम समाधानकारक” असं छापलेलं असतं. लगेच सही करा. तो बिचारा उन्हातून आलाय. खरी दुरुस्ती फार अघोरी असते. लादी फोडा, भराव उपसा, स्लॅब उघडा, जोड बदला, पाइपाभोवतीची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, कोपऱ्यांना गोलाईच्या वाटा मारा, भिंतीवर फूटभर चढवून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, आणि भराव टाकण्याआधी पुन्हा पाणी उभं करून खालून बघा. हे शेवटचं सर्वांत वाईट, कारण त्या वेळी गळालं तर कुणी नाकारू शकत नाही. सही करण्याआधी पाणी उभं करायला सांगणारे लोकही असतात. त्यांना बिल्डरच्या ऑफिसात चहा मिळत नाही.

मेंटेनन्सचा मुलगाच का येतो, मूळ प्लंबर का नाही, असा प्रश्न पडला असेल. तुमचा हिशोब बिल्डरशी पाच वर्षांचा असला तरी बिल्डरचा ठेकेदाराशी बहुधा बारा महिन्यांचाच असतो. तेवढे महिने ठेकेदाराच्या बिलातली थोडी रक्कम अडवून ठेवलेली असते. ती सुटली की तोही सुटतो आणि चौथ्या वर्षी दुरुस्ती बिल्डरच्या खिशातून जाते. म्हणून पहिल्या पावसाळ्यात अजिबात तक्रार करू नये. तेव्हा दुसऱ्याच्या पैशांनी काम झालं असतं, त्यात काय मजा?

वरच्या मजल्याकडेही लक्ष हवं. दोष 1204 मध्ये, ओल 1104 मध्ये, त्यामुळे वरच्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: “आमच्याकडे तर कोरडं ठाक आहे.” त्यांची लादी फोडल्याशिवाय काम होणार नाही, म्हणून त्यांच्याशी आधी भांडून घ्या. दोघांनी मिळून बिल्डरला एकच पत्र दिलं, त्यात फोडायची परवानगी आणि लादी पूर्ववत करून देण्याची अट घातली, तर काम मार्गी लागण्याचा धोका संभवतो. भांडण सुरू असलं की सेक्रेटरी उपविधी काढतील: संडास-सिंकची अंतर्गत गळती सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. हा नियम सभासद आणि सोसायटी यांच्यातला आहे, बिल्डरच्या पाच वर्षांना तो हात लावत नाही, हे बैठकीत कुणी बोललं नाही म्हणजे झालं.

1204 मधल्यांनी ताब्यानंतर लगेच बाथरूमची लादी बदलून घेतली असेल तर सोन्याहून पिवळं. बहुतेक करारांत एक कलम असतं, की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूममध्ये, पाइपात किंवा नळजोडणीत फेरफार केला तर ही जबाबदारी संपते. मिस्त्रीची छिन्नी वॉटरप्रूफिंगमध्ये एकदा घुसली, की मूळ दोष कुणाचा याचा पत्ता लागत नाही. परवानगीचं पत्र, लादी काढल्यावर उघड्या थराचा फोटो, हे सगळं वेळखाऊ. मिस्त्री “दोन दिवसांत देतो” म्हणालाय ना?

आणि तारीख. पाच वर्षं सोसायटी स्थापन झाल्यापासून मोजा, हवं तर गृहप्रवेशाच्या पूजेपासून मोजा. कायदा ताब्याची तारीख धरतो, आणि त्या मुदतीत दोष कळवला की पुरतं, दुरुस्ती नंतर झाली तरी चालते. पण हे लक्षात ठेवायला डोक्यात जागा हवी. जून 2026 उजाडेपर्यंत कपाटाचं दार फुगून बंद होईनासं झालं असेल. मग शांतपणे बसा, व्हॉल्व्ह बंद करून पाहा, रंगाचं पाणी उभं करा, पंचवीस फोटो लावून एक अप्रतिम ईमेल लिहा, वरच्यांची परवानगीही जोडा, आणि शुद्धलेखन दोनदा तपासून 16 तारखेला सकाळी पाठवा.