गोळ्या "तशाच" ठेवून जेवण उडवायचं?

"फक्त दोनदा जेवा, दुपारी बारा आणि रात्री आठ. भात-पोळी बंद, भाकरी हवी तेवढी, साखरेऐवजी गूळ. शुगरच्या गोळ्या नेहमीच्या वेळी तशाच घ्या. तीन महिन्यांत दहा किलो कमी आणि शुगर नॉर्मल! दहा जणांना पाठवा."

मावशीने हा मेसेज मला हात जोडलेल्या इमोजीसकट पाठवला, तोवर तिचं "बारा आणि आठ" सुरूही झालं होतं. मी औषधांच्या दुकानात बसतो, तिच्या गोळ्या माझ्याच हातून जातात, पण विचारणार कशाला? खाली "एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला" असं लिहिलं होतं ना! डॉक्टर कोण, त्याचा पत्ता नाही.

यातला सगळ्यात घातक शब्द "तशाच". मावशीची गोळी दिसायला एक, पण आत औषधं तीन: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, मग पोटात काही पडलेलं असो वा नसो. म्हणूनच ते न्याहारीबरोबर घ्यायला सांगतात. हिने साडेसातला गोळी घेतली आणि न्याहारी उडवली. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हातांना कंप, बोलणं असंबद्ध. मीटरवर 54. सत्तरच्या खाली गेलं की लो शुगर धरतात.

शेजारच्या काकूंनी लगेच साखरपाणी पाजलं. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? पण आकडा हलेना. व्होग्लिबोज आतड्यात स्टार्च आणि साखर फोडण्याचं कामच मंदावतं, त्यामुळे चहाची साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. अशा माणसाला ग्लुकोज पावडर लागते, कारण ग्लुकोज फोडावं लागत नाही. साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीनेक चहाचे चमचे पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, नाही वाढलं तर पुन्हा द्यायचे. सावरल्यावर जेवायला घालायचं, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकतो आणि शुगर परत घसरू शकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि चरबीचं काय झालं? त्या दिवशी मावशीने घाबरून दुपारभर लाडू खाल्ले. लो शुगर झाली की भूक खवळते आणि माणूस धास्तीने खातच सुटतो. त्यात ग्लिमेपिराइड आणि इन्शुलिन या दोघांनीही मुळात वजन थोडं वाढतंच. आता तिच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलंय, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर ठेवलंय. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा खाली कोसळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डोस ठरवून घेतल्याशिवाय एकही जेवण गाळू नये.

भात-पोळी बंद करणाऱ्यांना वेगळा धोका आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असताना पिष्टमय खाणं एकदम तोडलं किंवा कडक उपास केला, तर चरबी जळताना बनणारे कीटोन रक्तात साचून आम्ल वाढू शकतं. हे क्वचित होतं, पण फसवं असतं, कारण मीटर 180 दाखवतं आणि घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांतलं काही सुरू झालं तर आकड्याकडे न बघता दवाखान्यात जा आणि गोळीचं नाव आधी सांगा.

"शुगर नॉर्मल" यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ब्रिटनमधल्या "डायरेक्ट" अभ्यासाचे निष्कर्ष "लॅन्सेट"ने 2017 साली छापले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींच्या शेक आणि सूपवर ठेवलं. वर्षअखेरीस 46 टक्के लोकांची शुगर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात तर 86 टक्के. पण तिथे शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या. म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट.

भाकरीचं थोडक्यात: ज्वारीचं पीठही गव्हासारखंच बहुतांश स्टार्च आहे. चार भाकऱ्यांनी शुगर चढेल आणि वजनही. एक भाकरी, सोबत डाळ-उसळ आणि भरपूर भाजी असं ताट असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पोळीनेही काही बिघडत नाही. गूळ म्हणजे साखरच. तो दहा जणांना पाठवण्याइतका मोठा शोध नाही.