दुकानातली चार वर्षं रेझ्युमेत का नाहीत?

माझा भाचा गेल्या सप्टेंबरमध्ये कॅनडात, ओंटारियोतल्या किचनरला शिकायला आला. डिसेंबरपर्यंत पार्टटाइम कामासाठी त्याने साठेक अर्ज केले. एकही फोन आला नाही. "मामा, सगळ्यांना कॅनेडियन एक्स्पिरियन्स हवाय. पहिलं कामच कुणी देत नाही, तर तो आणू कुठून?" मी त्याचा रेझ्युमे मागवला.

दोन पानं. वर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव. मग दहावी-बारावीचे टक्के, इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं सहीनिशी. इस्लामपूरच्या घरच्या किराणा दुकानात हा मुलगा चार वर्षं रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसला, त्याचा एक शब्द नाही! का, तर "ते काय काम आहे का, घरचंच दुकान."

मी इथे एका कॉफी शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर होतो, अर्ज चाळायचो. इथला अनुभव मागणाऱ्या दुकानदाराला मुळात तीन गोष्टी हव्या असतात. गल्ल्यात पैसे कमी पडणार नाहीत, गर्दीच्या वेळी माणूस हजर असेल आणि त्याच्याबद्दल फोन करून विचारता येईल असं कुणीतरी इथे असेल.

म्हणून आम्ही एकच पान केलं. फोटो, जन्मतारीख, टक्के काढले. दुकान सगळ्यात वर: रोजचा गल्ला मोजून वहीशी जुळवणं, रोख आणि यूपीआय दोन्ही, आठवड्याचा माल उतरवून मांडणं, उधारीच्या गिऱ्हाइकांशी बोलणं. त्याखाली कोणत्या वारी किती ते किती मोकळा, हे स्पष्ट. कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तासांचीच परवानगी आहे, तेव्हा वेळ त्यात बसवूनच लिहिली. संदर्भासाठी तो दर शनिवारी फूड बँकेत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागला. दीड महिन्याने तिथल्या समन्वयक बाईंनी नाव द्यायला आनंदाने होकार दिला.

त्याच्या रूममेटने सुचवलेला उपाय मात्र मी स्पष्ट नाकारला: ओळखीच्या दुकानाचं खोटं नाव टाकायचं. एका फोनमध्ये ते उघडं पडतं. माझ्यासमोर दोन मुलं अशी गेली आहेत, आणि दोघंही कामाला चांगली होती.

पण दोष फक्त रेझ्युमेचा नाही, कॅनेडियन अनुभवाची ही अट मुळात अन्यायाची आहे. ओंटारियोच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच तिला सकृद्दर्शनी भेदभाव म्हटलं. १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत आणि अर्जात कॅनेडियन अनुभवाची अट घालायला कायद्याने बंदी आहे. मात्र पाच-दहा माणसांची दुकानं या नव्या बंदीत येत नाहीत, आणि नवी मुलं सगळ्यात आधी दार ठोठावतात ते तिथेच. २५ ची ही मर्यादा काढायलाच हवी.