छोटा, मोठा आणि 'ई'चं प्रकरण

छोटा आणि मोठा हे शब्द एकाखाली एक लिहा आणि नुसते स्वर वाचा. ओ-आ, ओ-आ. अर्थ एकदम उलटे, स्वर मात्र तेच. 'ई'च्या आवाजातच लहानपणा असतो आणि 'आ'च्या आवाजात मोठेपणा, असं कुणी ठासून सांगायला लागलं की मी आधी ही जोडी पुढे करते. तेवढ्यावर भागलं नाही तर भीम आणि विशाल आहेतच. दोघांच्या पहिल्याच अक्षरात ई-इ आहे, आणि दोघांनाही कुणी चिमुकलं म्हणणार नाही.

तरीही त्या म्हणण्यात तथ्य आहे असं माझं मत आहे. थोडंच, पण आहे. भाषा शिकवताना मला दोन्ही टोकांची माणसं भेटतात. काहींच्या मते प्रत्येक अक्षरात अर्थ आधीच भरून ठेवलाय, आणि तो अर्थातच आपल्याच भाषेत सगळ्यात शुद्ध उतरलाय. काहींच्या मते आवाज आणि अर्थ यांचा काडीचा संबंध नाही, चिवचिव-काव काव सोडा, बाकी सगळा संकेत. मला दोन्ही पटत नाही.

आधी एक करून बघा. गळ्यातून सूर न काढता, नुसत्या श्वासावर, कुजबुजत ई म्हणा, मग आ, मग ऊ. स्वरतंतू थरथरत नाहीयेत, म्हणजे पट्टी अशी काही नाहीच. तरी काहीतरी वरून खाली उतरताना ऐकू येईल. तो तोंडाच्या पोकळीचा घुमारा. ई म्हणताना जीभ पुढे जाऊन टाळूला लागायच्या बेतात येते, समोर जेमतेम चिंचोळी फट उरते आणि घुमारा वर चढतो. आ म्हणताना जबडा खाली जातो आणि तोच घुमारा उतरतो. 1952 साली अमेरिकेत पीटरसन आणि बार्नी यांनी मोजमाप केलं, त्यात हा घुमारा, शास्त्रात ज्याला दुसरा घुमारा म्हणतात तो, पुरुषांच्या ई-सारख्या स्वराचा 2300 हर्ट्झच्या आसपास भरला आणि आ-सारख्या स्वराचा 1100 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

याचा आकाराशी काय संबंध? जॉन ओहाला या ध्वनिशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात याची सांगड प्राण्यांच्या आवाजाशी घातली. मोठ्या देहातून आवाज खालच्या पट्टीत येतो, लहान देहातून वरच्या. अंगावर येणारा कुत्रा गुरगुरतो, म्हणजे आहे त्यापेक्षा मोठा असल्याचं भासवतो. शेपूट घालणारा केकाटतो. वरची पट्टी म्हणजे लहान, खालची म्हणजे मोठा, ही ओळख भाषेच्याही आधीची आहे आणि स्वर ऐकताना तीच डोकं वर काढते, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं, कारण त्यात गूढ असं काही नाही.

प्रयोगात हे दिसतंही. 1929 मध्ये एडवर्ड सपीरने लोकांना दोन बनावट शब्द दिले, मिल आणि माल. दोन्ही म्हणजे टेबल, तर मोठं टेबल कोणतं? साधारण 80 टक्के लोकांनी मालकडे बोट दाखवलं. (मराठीत हा प्रयोग जसाच्या तसा करू नका. आपल्याकडे माल गोदामात असतो आणि मिल म्हणजे गिरणी, ती कधीही मोठीच. 'किद' आणि 'काद' असलं काहीतरी घ्या.)

पण इथेच खरी गोम आहे. दोन शब्द शेजारी ठेवले, फरक एकाच स्वराचा ठेवला आणि 'मोठं कोणतं' असं थेट विचारलं, की माणूस जो काही फरक सापडेल तो धरून उत्तर देतो. 80 टक्के हा आकडा त्या प्रश्नाचा आहे, भाषेचा नाही. खऱ्या बोलण्यात शब्द असे जोडीने समोर येत नाहीत. म्हणून मला प्रयोगांपेक्षा शब्दसंग्रहाचे अभ्यास जास्त मोलाचे वाटतात. 2016 मध्ये ब्लासी आणि सहकाऱ्यांनी जगातल्या हजारो भाषांमधले रोजच्या वापरातले मूळ शब्द तपासले. 'लहान' या अर्थाच्या शब्दांत ई-सारखा स्वर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा निघाला, तोही एकमेकींशी नातं नसलेल्या भाषाकुळांत. जास्त वेळा म्हणजे नेहमी नव्हे. इंग्रजीवर विंटर आणि पर्लमन यांनी 2021 मध्ये काम केलं, ते याहून नेमकं आहे. आकार सांगणाऱ्या विशेषणांत हा कल दिसतो. लहानमोठ्या वस्तूंच्या नावांत मात्र तो सापडत नाही. मुंगीला मुंगी म्हणताना भाषेला आकाराची फिकीर नसते, 'इवलीशी' म्हणताना असते.

आणि उलटी उदाहरणं आहेत. व्हिएतनामच्या डोंगराळ भागात बहनार नावाची भाषा बोलतात. तिच्या नादशब्दांत ई-सारखे स्वर मोठेपणा दाखवतात आणि आ-सारखे लहानपणा. जेरार डिफ्लॉथने 1994 मध्ये हे मांडलं आणि वर स्पष्टीकरणही दिलं: ई म्हणताना जीभ तोंडात जास्त जागा व्यापते, ते भरलेपण बोलणाऱ्याला जाणवतं, म्हणून मोठं. म्हणजे कानाने मोजलं तर ई लहान, जिभेने मोजलं तर ई मोठी. आवाज कल पुरवतो, तो कोणत्या बाजूने वाचायचा हे भाषा ठरवते.

आता आपल्या घरातला पुरावा घेऊ, कारण माझे विद्यार्थी हमखास तोच आणतात. सुरा-सुरी, हातोडा-हातोडी, टोपला-टोपली, डबा-डबी, गाडा-गाडी. आ मोठा, ई लहान. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला हवा?

पुरावा स्वच्छ दिसतो, पण तो जुना आहे, आणि जुन्या शब्दांची कुंडली बघावी लागते. घोडा आला घोटक वरून, घोडी घोटिका वरून. सुरी आली छुरिका वरून. संस्कृतात शेवटी लागणारा हा 'क' अनेकदा लहानपणा किंवा लाडिकपणा दाखवायचा, पुत्रक म्हणजे लाडका छोटा मुलगा. प्राकृतात येईपर्यंत तो क झिजून गेला. मागे राहिलेल्या स्वरांचा मिळून पुल्लिंगी आ झाला आणि स्त्रीलिंगी ई झाली. गंमत बघा, आज आपल्याला मोठा वाटणारा आ आणि लहान वाटणारी ई दोघंही त्याच लहानपणा दाखवणाऱ्या क-च्या पोटचे. त्यांच्यात मोठं-लहान ही वाटणी मागाहून झाली.

ती स्वरामुळे झाली की लिंगामुळे? मला लिंगाचा वाटा मोठा वाटतो, पण मराठीपुरतं बघून हे सुटत नाही, कारण आपल्याकडे दोन्ही एकत्र बांधलेले आहेत. इटालियनमध्ये लहान भोक म्हणजे बुको, पुल्लिंगी, आणि मोठा खड्डा म्हणजे बुका, स्त्रीलिंगी. शेजारच्या स्पॅनिशमध्ये मोठं जहाज बार्को, पुल्लिंगी, आणि छोटी होडी बार्का, स्त्रीलिंगी. तेच दोन शेवट, ओ आणि आ, आणि मोठेपणाची वाटणी बरोबर उलटी. नुसत्या आवाजाने आकार ठरत असता तर हे झालं नसतं. म्हणून सुरा-सुरीच्या यादीला मी साक्षीदार म्हणून बोलावत नाही.

मग मराठीत खरा साक्षीदार कोण? माझ्या मते नादशब्द, आणि त्यातही व्यंजनं. वीज कडकडते आणि ढग गडगडतात. उलटं करून बघा, वीज गडगडली असं कानाला पटतच नाही. क म्हणताना आधी क्षणभर शांतता असते आणि मग स्फोट. ग म्हणताना त्या बंद क्षणातही स्वरतंतू थरथरत असतात, म्हणून खाली एक जड गुंजन राहतं. टोकदार, कोरडा आवाज क-ला मिळाला आणि लांबलेला, वजनदार आवाज ग-ला. जपानीत छोटा गोटा घरंगळला तर कोरोकोरो, मोठा धोंडा घरंगळला तर गोरोगोरो, आणि ढगांचा गडगडाटही गोरोगोरोच. जपानीचा मराठीशी काही संबंध नाही, म्हणून ही साक्ष मोलाची. हिंदी किंवा कन्नडची साक्ष तेवढी धरता येत नाही. मरे एमेनोने 1969 मध्येच दाखवलं होतं की दुहेरी नादशब्दांची ही पद्धत भारतातल्या वेगवेगळ्या भाषाकुळांत पसरलेली आहे. शेजारी तीन घरांत एकच भांडं दिसलं तर ते तिघांनी वेगळं घडवलं असेलच असं नाही.

टोकदारपणाबद्दल बुबा-किकीचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. एक आकृती काटेरी, एक गोलसर, किकी कोणती नि बुबा कोणती? 2022 मध्ये तो 25 भाषांच्या 917 लोकांवर केला, तेव्हा सरासरी 72 टक्के लोकांनी किकी काट्यांना दिलं. रोमेनियन, तुर्की आणि चिनी भाषिकांत मात्र तो जमला नाही. रोमन K ला कोपरे आहेत म्हणून लोक फसतात, ही शंका जुनीच. पण त्या अभ्यासात लिपीने फारसा फरक पडला नाही, आणि मला ते देवनागरीमुळेच पटतं. आपला ट बघा, चांगला वाटोळा आहे, तरी टोचतो, टोकतो, टिचतो.

वेगाबद्दल मी कमी बोलेन, कारण तिथे आवाजाची जात कमी आणि लांबी जास्त काम करते असं मला वाटतं. पटकन, चटकन, झटकन, सटकन. आखूड स्वर, मागे लगेच ट, संपलं. रेंगाळणं म्हणायलाच वेळ लागतो.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी दोन उदाहरणं. झुळझुळ आणि भुरभुर. झ आणि भ दोन्ही घोष, म्हणजे ग-सारखेच स्वरतंतू थरथरवणारे, माझ्या हिशेबाने दोन्ही जड असायला हवेत. प्रत्यक्षात झुळझुळ खळखळीपेक्षा नाजूक आणि भुरभुर पाऊस तर अंगाला लागतही नाही. कुणी म्हणेल उ-मुळे सौम्य झालं, पण उ-चा घुमारा खालचा, म्हणजे ओहालाच्या हिशेबाने तोही मोठाच. झुळझुळ-खळखळ या जोडीत व्यंजन आणि स्वर दोन्ही बदलतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे ठरत नाही. मला हव्यात अशा जोड्या, ज्यांत एकच आवाज बदलतो आणि घोष बाजू हलकी निघते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोकणी, जिथली असेल तिथली लिहा. चिवचिव-काव काव पाठवू नका, ती पाखरांची आहे.